‘लवकरच गोड बातमी’ लिहिणं बंद करा

नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकाकडून फॅमिली ग्रुपला एकच मेसेज हवा असतो: ‘सगळं मस्त चाललंय, लवकरच गोड बातमी!’ मेसेज छोटा असावा, वाचून बरं वाटावं, हे मला मान्य आहे. पण या ओळीत माहिती शून्य आहे आणि ती रिकामी जागा नातेवाईक आपापल्या कल्पनेने भरतात. शिवाय ‘गोड बातमी’ म्हटल्यावर आत्याच्या मनात भलतंच काही येतं, ते वेगळंच.

माझी एक मैत्रीण लातूरहून पुण्यात येऊन सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी शोधत होती. तिने मला चार महिन्यांचा हिशेब पाठवला, तो मोबाइलच्या तीन स्क्रीन भरून होता. ६२ अर्ज, ९ उत्तरं, ४ ऑनलाइन टेस्ट, २ मुलाखती. एकीकडे नकार. दुसरीकडे दोन फेऱ्या झालेल्या, शेवटची बाकी, आणि एचआरचं ‘आठवड्याभरात कळवतो’. मध्ये रूमचं भाडं, क्लासची फी आणि झोप न लागलेल्या रात्री. आता हे ग्रुपवर कसं सांगायचं?

बहुतेक जण वाईट ते कापतात आणि चांगलं ते फुगवतात: ‘दोन राउंड क्लिअर, जवळपास फायनल!’ घोळ इथेच होतो. टेस्ट, मुलाखत, ऑफर लेटर आणि जॉइनिंग या चार वेगळ्या पायऱ्या आहेत, हे आपल्याला माहीत असतं. काकांना फक्त ‘फायनल’ ऐकू येतं. ऑफर लेटर हातात आलं तरी नोकरी सुरू झाली असं नसतं. २०२२ च्या बॅचमधल्या कितीतरी फ्रेशर्सनी आयटी कंपन्यांचं ऑफर लेटर घेऊन जॉइनिंगच्या तारखेची महिनोन्महिने वाट पाहिली. आणि तुमच्या ‘फायनल’वर विसंबून घरी कुणीतरी एज्युकेशन लोनच्या हप्त्याचं गणित मांडत असतं.

म्हणून कापायचं ते असं. अर्जांचे आकडे काढा. ६२ पैकी ९ हे प्रमाण तुम्हाला कामाचं, मावशीला फक्त घाबरवणारं. नकार आणि रात्रीची झोपही काढा, ती एखाद्या जवळच्या माणसाशी बोलायची गोष्ट आहे. कंपनीचं नाव काढा, नाहीतर कुणीतरी ‘तिथे आपला माणूस आहे’ म्हणून परस्पर फोन लावतं. तीन गोष्टी ठेवा: आत्ता कुठवर आलोय, पुढची खबर कधी, आणि त्यांनी काय करावं. मैत्रिणीचा मेसेज शेवटी असा झाला:

‘नमस्कार! एका नोकरीसाठी दोन फेऱ्या पार झाल्या, शेवटची बाकी आहे. इतर ठिकाणीही अर्ज चालू आहेत. काय होईल ते महिनाअखेरीला मीच कळवते. पुण्यात किंवा नाशिकला सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारं कुणी ओळखीचं असेल तर नंबर द्या, मी बोलून घेईन.’

एचआरचा आठवडा यात महिनाअखेर झाला, कारण तो आठवडा क्वचितच आठवड्यात संपतो. ‘मीच कळवते’ लिहिल्यामुळे रोजचं ‘काय झालं गं?’ बरंच कमी होतं. आणि मदत मागताना कामाचं आणि शहराचं नाव घेतलंय. नुसतं ‘काही असेल तर सांगा’ लिहिलंत तर विमा एजंट होण्याचं आमंत्रण येतं.

मेसेज जमला की नाही, ते पहिल्या उत्तरांवरून कळतं. ‘अभिनंदन!’ आलं, तर तुम्ही जास्त सांगितलंय. ‘कधी कळणार?’ आलं, तर तारीख राहिली. ‘आमच्या शेजारचा मुलगा तेच करतो, नंबर देते’ आलं, तर काम झालं.

काही मित्र म्हणतात, नातेवाइकांना कशाला काही सांगायचं? नका सांगू. गप्प राहणं हा सरळ पर्याय आहे. पण सांगायचं ठरवलंत तर वाचणाऱ्याची फसगत होणार नाही एवढं सांगा.

आणि हा छोटा मेसेज ग्रुपसाठी आहे. जे तुमचं भाडं भरतात, हप्त्याची तारीख ज्यांच्या डोक्यावर आहे, त्या आईवडिलांसाठी नाही. त्यांना फोन करा आणि तिन्ही स्क्रीन सांगा, नकारासकट. पैसे किती महिने पुरवायचे हे त्यांना ठरवायचंय, आणि ते हात जोडलेल्या इमोजीवरून ठरवता येत नाही.