पार्सल परत का येतं आणि पैसे कुठे अडकतात?

परळच्या एका भगिनींचं पत्र समोर आहे. त्या घरी लहान मुलींसाठी शिवलेल्या नऊवाऱ्या करतात आणि मोबाइलवरून ऑर्डरी घेतात. गुढीपाडव्याला गिरगावात शोभायात्रा निघते, त्याच्या आधीचे तीन-चार आठवडे त्यांचा खरा हंगाम. त्या लिहितात, ‘चाळीस पार्सलं पाठवली, सगळी कॅश ऑन डिलिव्हरीची. त्यातली दहा परत आली. कारण म्हणून “ग्राहकाने नाकारलं” एवढंच लिहिलेलं. त्यातल्या तिघींना मी फोन केला, तर म्हणाल्या, अहो, आमच्याकडे कुणी आलंच नाही! बरं, जी पोचली त्यांचे पैसेही पाडव्यापर्यंत हाती आले नाहीत. कापडवाल्याला काय सांगू?’

मैत्रिणींनो, हे दुखणं तसं जुनंच आहे. आपल्याकडे पोस्टाची व्ही.पी. १८७७ साली सुरू झाली. पोस्टमन दारात पार्सल देऊन पैसे घ्यायचा आणि ते मनीऑर्डरने पाठवणाऱ्याला मिळायचे. पुस्तकांची व्ही.पी. सोडवून न घेणारी मंडळी तेव्हाही होतीच. आता पोस्टमनच्या जागी कुरियरचा मुलगा आला आणि मध्ये दोन-तीन हात वाढले. म्हणून आधी हिशेब पाहू.

समजा, एक नऊवारी ९५० रुपयांची. कापड, शिलाई, काठ आणि पिशवी मिळून ६५० रुपये खर्च. पाठवणावळ ८० आणि पैसे गोळा करून देण्याबद्दल कंपनी ४० रुपये घेते. म्हणजे पार्सल पोचलं तर हाती उरतात १८० रुपये. आता तेच पार्सल परत आलं तर? जाण्याचे ८० गेले, येण्याचे ७५ लागले, पिशवी-खोक्याचे १५ वाया गेले. एकूण तोटा १७० रुपयांचा. (वसुलीचे ४० बहुतेक कंपन्या परत देतात, पण आपल्या करारात ते पाहून घ्यावं.) थोडक्यात, एक परत आलेलं पार्सल एका पोचलेल्या पार्सलाची कमाई जवळजवळ पुसून टाकतं.

चाळीसपैकी तीस पोचली, म्हणजे ५,४०० रुपये मिळाले. दहा परत आली, त्यांचे १,७०० गेले. उरले ३,७००. परत येणारी दहाऐवजी पाचच असती, तर ५,४५० उरले असते. शिवाय पाडवा झाल्यावर परत आलेल्या नऊवाऱ्या पुढच्या सणापर्यंत कपाटात, आणि त्यांत गुंतलेले सहा हजारांवर रुपयेही कपाटातच. म्हणून जास्त ऑर्डरी आणण्याच्या आधी परत येणं कमी करणं फायद्याचं, बरं का!

आता पोचलेल्या पार्सलांचे पैसे. आपल्याला वाटतं, ग्राहकाने पैसे दिले की ते निघाले आपल्याकडे. तसं नसतं. कुरियरचा मुलगा रात्री रोकड आपल्या केंद्रावर भरतो. ती कुरियर कंपनीच्या खात्यात जाते. आपण एखाद्या मधल्या कंपनीमार्फत पार्सल पाठवत असू, तर तिथून त्या कंपनीकडे, आणि मग ठरलेल्या दिवशी आपल्या बँकेत. बऱ्याच ठिकाणी पार्सल पोचल्यापासून आठवडाभराची, आठ दिवसांची मुदत असते. मुदत संपल्यावरसुद्धा पैसे त्याच दिवशी येतील असं नाही, आठवड्यातल्या ठरलेल्या वारीच ते सुटतात.

उदाहरणच घ्या. कापड आणलं २० फेब्रुवारीला. पार्सल निघालं १ मार्चला, पोचलं ५ मार्चला. आठ दिवस धरले की १३ तारीख. तो निघाला शुक्रवार आणि कंपनी पैसे सोडते बुधवारी, म्हणजे १८ मार्च. मध्ये बँकेची सुट्टी आली तर आणखी एक दिवस. कापडाचे पैसे गेल्यापासून जवळजवळ चार आठवडे झाले, आणि यात कुणाचीही लबाडी नाही! म्हणून कापडवाल्याशी बोलताना पंधरा दिवसांची नव्हे, महिन्याची उधारी ठरवावी, किंवा तेवढी रक्कम आधीच बाजूला ठेवावी. काही कंपन्या थोडे पैसे कापून दोन-तीन दिवसांत वसुली देतात. हंगामात एखाद-दुसऱ्या आठवड्यापुरती ती सोय घ्यायला हरकत नाही, पण वर्षभर घेतली तर १८० रुपयांच्या कमाईलाच कात्री लागते.

खरा उशीर आणि नेहमीचा उशीर वेगळा कसा ओळखायचा? त्यासाठी एक वही करा. प्रत्येक पार्सलावर एक नंबर असतो, त्याला एडब्ल्यूबी नंबर म्हणतात. वहीत एका ओळीत तो नंबर, पोचल्याची तारीख, रक्कम, पैसे येण्याची अपेक्षित तारीख आणि प्रत्यक्ष आल्याची तारीख लिहा. बँकेत एकगठ्ठा रक्कम येते, ती पाहून समाधान मानू नका. त्या रकमेत कोणकोणती पार्सलं धरली आहेत याची यादी कंपनीच्या पानावर मिळते. ती वहीशी नंबरानिशी ताडून पाहा. रक्कम कमी असेल तर बहुतेक वेळा पाठवणावळ त्यातूनच कापलेली असते, नाहीतर पार्सलाचं वजन जास्त भरलं म्हणून फरक लावलेला असतो. वजनाचा वाद टाळायचा तर पार्सल काट्यावर ठेवून, आकडा आणि नंबर दोन्ही दिसतील असा फोटो काढून ठेवावा. एखादं पार्सल पोचलं आहे आणि मुदतीनंतरच्या दोन याद्यांत त्याचा नंबर नाही, असं झालं की लगेच लेखी तक्रार करा. ‘माझे पैसे आले नाहीत’ असं मोघम लिहू नका. नंबर, तारीख, रक्कम तिन्ही लिहा. कंपनी म्हणाली, ‘पाठवलेत’, तर यूटीआर नंबर मागा. तो नंबर दाखवला की बँकेत पैसे शोधता येतात.

आता नाकारण्याचं. यात दोन प्रकार आहेत आणि दोन्हींवर औषध वेगळं. एकात ग्राहकाने खरोखरच नको म्हटलेलं असतं. दुसऱ्यात मुलगा गेलेलाच नसतो. त्याच्या पिशवीत दिवसाला ढीगभर पार्सलं असतात. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर चढायचं, खोली शोधायची, सुट्टे पैसे मोजायचे, यापेक्षा ‘दार बंद’ किंवा ‘नाकारलं’ असं बटण दाबणं सोपं. हे ओळखायचं कसं? शेरा किती वाजता मारला ते पाहा. रात्री साडेनऊला ‘नाकारलं’ असा शेरा असेल तर शंका घ्या. ग्राहकाला फोन करून विचारा, कुणी आलं होतं का, फोन तरी आला होता का? काही कंपन्यांत नाकारतानाही ग्राहकाच्या मोबाइलवर आकडा जातो आणि तो सांगितल्याशिवाय शेरा लागत नाही. ती सोय असेल तर चालू करून घ्या.

वेळ इथे महत्त्वाची. पार्सल पोचलं नाही की त्याची नोंद आपल्या पानावर येते आणि उत्तर द्यायला एक-दोन दिवसच मिळतात. उत्तर दिलं नाही तर पार्सल परतीच्या वाटेला लागतं. म्हणून संध्याकाळी दिवाबत्ती झाली की पाच मिनिटं ही यादी पाहायचीच. ग्राहक घ्यायला तयार असेल तर ‘पुन्हा पाठवा’ असं कळवा आणि घरी असण्याची वेळ व दुसरा फोन नंबर द्या. कुणी आलंच नव्हतं असं ती म्हणत असेल, तर त्या दिवशीच्या आलेल्या फोनांच्या यादीचा फोटो तिच्याकडून मागवा आणि तक्रारीला जोडा. परतीची पाठवणावळ लावू नका, असंही त्यात लिहा. दर वेळी ऐकतीलच असं नाही. पण पुरावा नसेल तर मुळीच ऐकत नाहीत.

पत्त्याकडेही लक्ष हवं. नुसतं ‘दादर’ पुरत नाही. दादर पूर्व ४०००१४ आणि पश्चिम ४०००२८. पिनकोड चुकला की पार्सल रुळांच्या पलीकडच्या केंद्रावर जातं आणि तिथला मुलगा ‘पत्ता अपुरा’ लिहून मोकळा होतो. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बी.डी.डी. चाळींसारखा पुनर्विकास जिथे चालला आहे, तिथली कित्येक कुटुंबं दुसरीकडे राहायला गेली आहेत, पण मोबाइलमध्ये पत्ता जुनाच राहिलेला असतो. म्हणून चाळीचं नाव, मजला, खोली नंबर आणि जवळची खूण विचारूनच चिठ्ठी लावा.

खरोखर नाकारणाऱ्यांसाठी उपाय पाठवण्याच्या आधीचा. ऑर्डर आली की त्याच दिवशी फोन किंवा व्हॉट्सअॅप करून माप, रंग, पत्ता आणि रक्कम पक्की करा. जी फोन उचलत नाही, निरोपाला उत्तर देत नाही, तिचं पार्सल थांबवा. आणि थोडी आगाऊ रक्कम घ्या. किती? जाण्या-येण्याची पाठवणावळ निघेल इतकी तरी. आपल्या उदाहरणात ती १५५, म्हणून दीडशे-दोनशे रुपये यूपीआयने आधी आणि बाकीचे दारात. थोड्या ऑर्डरी कमी होतील, पण जाणाऱ्या बऱ्याचशा परत येणाऱ्यांतल्याच असतील. जी पूर्ण पैसे आधी देईल तिला चाळीस रुपये सूट द्या. वसुलीचा खर्च वाचलेलाच असतो, तेव्हा आपल्या पदरचं काही जात नाही. आणि हो, सणाच्या मालाला शेवटची तारीख ठेवा. पाडव्याच्या आदल्या आठवड्यात कॅश ऑन डिलिव्हरी बंदच करावी, कारण उशिरा पोचलेली नऊवारी कुणीही नाकारणारच, आणि तिचा दोष तरी कसा?

परळच्या भगिनींनी आता एवढं करावं. त्या तिघींकडून आलेल्या फोनांच्या यादीचे फोटो मिळतात का पाहावं आणि तीन पार्सलांची तक्रार नंबरानिशी लिहावी. बाकीच्या सातजणींना, पार्सल का परत केलं, ते न रागावता विचारावं. कुणाला उशीर झाला, कुणाला माप पटलं नाही, कुणाच्या घरात त्या वेळी पैसे नव्हते, हे कळलं तरच पुढच्या हंगामात फोनवर काय पक्कं करायचं ते ठरेल. आणि परळ, लालबाग, दादर इथली पार्सलं शक्य तर स्वतः किंवा घरातल्या कुणाकडून पोचवावीत. त्यांचे पैसे त्याच संध्याकाळी हाती येतील आणि कापडवाल्याचा पहिला हप्ता त्यातूनच देता येईल.