पाचशे पानांची दोन पाने

सारांशलेखनाच्या घटकात मूळ उताऱ्याचे एक-तृतीयांश शब्दांत रूपांतर करण्याचा सराव तुम्ही केला आहे. पाचशे पानी तांत्रिक अहवालाचे धोरणकर्त्यासाठी दोनपानी टिपण करताना हा संकेत उपयोगी पडत नाही. तेथे प्रत्येक परिच्छेद आकसून घेणे अशक्य असते. बहुतांश मजकूर सोडून द्यावा लागतो आणि थोडा निवडावा लागतो. प्रस्तुत लेखकाच्या मते, अशा टिपणात सर्वांत जपून ठेवावयाची गोष्ट म्हणजे मूळ निष्कर्षाच्या मर्यादा. आणि व्यवहारात नेमक्या त्याच सर्वांत आधी गळतात.

प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिस्थितिकी तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये केंद्र शासनास सादर केलेला अहवाल उदाहरणादाखल घेऊ. (काटेकोरपणे पाहता ती श्वेतपत्रिका नव्हे, समितीचा अहवाल आहे, परंतु टिपण करणाऱ्याचे काम दोन्हींत सारखेच.) तो पाचशेहून अधिक पानांचा आहे. समजा, सह्याद्रीतील एखाद्या मतदारसंघाच्या आमदारांना खाणकामाविषयीच्या चर्चेपूर्वी तो दोन पानांत समजावून द्यावयाचा आहे.

वाचनास बसण्यापूर्वी आमदारांना कोणता निर्णय घ्यावयाचा आहे, हे एका वाक्यात लिहून ठेवावे. येथे प्रश्न आहे: नव्या खाणपट्ट्यांबाबत कोणती भूमिका घ्यावी? या प्रश्नाशी संबंध नसलेली प्रकरणे, ती कितीही विद्वत्तापूर्ण असोत, बाजूला ठेवता येतात. वनस्पतींच्या प्रजातींची चर्चा सुटली, तरी हा निर्णय बिघडणार नाही.

आता खाणकामाची शिफारस पाहा. घाईत लिहिलेल्या टिपणात असे वाक्य येईल: ‘पश्चिम घाटात खाणकामावर बंदी घालावी, असे समितीचे मत आहे.’ वाक्य सुटसुटीत आहे, पण खरे नाही. समितीने घाटाचे संवेदनशीलतेनुसार तीन विभाग सुचविले. पहिल्या, अतिसंवेदनशील विभागात नवे परवाने नकोत आणि चालू खाणी २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद व्हाव्यात. दुसऱ्यात नवे परवाने नकोत, मात्र चालू खाणी कडक नियमनाखाली व सामाजिक लेखापरीक्षणासह चालू शकतात. तिसऱ्यात मैदानी प्रदेशात न मिळणाऱ्या दुर्मिळ खनिजांसाठी नवे खाणकामही नियमनाखाली शक्य आहे. ‘बंदी’ या एका शब्दाने तीन वेगवेगळे निर्णय गिळून टाकले. येथे चार वाक्ये खर्च करणे हीच खरी काटकसर होय; किंवा तीन ओळींचा छोटा तक्ता द्यावा, तो आणखी लवकर वाचला जातो.

याहून अवघड मर्यादा विभागांच्या सीमांची आहे. समितीने घाटाचे सुमारे नऊ किलोमीटर लांब व तितकेच रुंद असे चौकोन पाडले आणि उपलब्ध माहितीवरून प्रत्येकाला संवेदनशीलतेचे गुण दिले. अशा एका चौकोनाचे क्षेत्र सुमारे ८१ चौरस किलोमीटर होते. त्यात अनेक गावे येतात. कुठे घनदाट रान, कुठे भातशेती, कुठे बाजारपेठ. चौकोनाचा गुण त्यातील एखाद्या गावाविषयी निश्चित काही सांगत नाही. म्हणूनच सीमा अंतिम न मानता ग्रामसभांसह स्थानिक पातळीवर विचार करून त्या ठरवाव्यात, अशी समितीची भूमिका होती. आमदार मात्र पहिला प्रश्न विचारणार: ‘आमचे गाव यात येते का?’ प्रामाणिक टिपणाने उत्तर द्यावयास हवे की, नकाशावरून हे आज सांगता येत नाही, आणि ते ठरविण्याची पद्धत अमुक आहे. हे वाक्य तळटीपेत ढकलू नये. शिफारशीला लागूनच, पहिल्या पानावर यावे. तळटीप वाचण्याइतका वेळ असता, तर दोन पानांचा आग्रहच झाला नसता.

‘प्रस्तावित’, ‘प्राथमिक’, ‘उपलब्ध माहितीनुसार’ असे शब्द संक्षेप करताना अडगळीसारखे भासतात, आणि संपादकाची लाल शाई त्यांवरच प्रथम पडते. शास्त्रज्ञाने मात्र ते मोजून वापरलेले असतात.

टिपणाची पारख करण्याचे दोन उपाय आहेत. आपल्या प्रतीच्या समासात प्रत्येक विधानासमोर मूळ अहवालाचा पृष्ठक्रमांक लिहावा. ज्याला क्रमांक सापडत नाही, ते विधान समितीचे नसून तुमचे आहे. दुसरा उपाय असा की, विषय न जाणणाऱ्या एका व्यक्तीस दोन्ही पाने वाचावयास द्यावीत आणि ती परत घेऊन विचारावे, ‘तिसऱ्या विभागात नवी खाण सुरू होऊ शकते का?’ उत्तर ‘नाही’ आले, तर तक्ता पुन्हा लिहावा.