टोपली म्हणजे ऑर्डर नव्हे!



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे, आणि आज जरा भांडायचंच आहे. भांडण कुणा एकाशी नाही. "व्हॉट्सअ‍ॅपवर कॅटलॉग टाकला की धंदा आपोआप चालतो" असं जे आमच्या सूनबाईला येताजाता सांगतात, त्या सगळ्यांशी आहे. त्यात आमचे पुण्याचे भाचेबुवाही आले. त्यांनी वाचून रागावू नये!

आमची सूनबाई चंद्रपुरात घरीच केक करते आणि आमच्या कॉलनीत विकते. भाच्याने तिला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस लावून दिलं. त्यात वस्तूंचे फोटो, नाव आणि किंमत घालून ठेवता येते. गिऱ्हाईक हवी ती वस्तू टोपलीत टाकतं, म्हणजे त्यांच्या भाषेत 'कार्ट', आणि ती टोपली निरोपासारखी पाठवून देतं. मी म्हातारा असलो तरी मला हे आवडलं. पूर्वी दिवसाला वीस वेळा "केक केवढ्याला?" याचं उत्तर देण्यात तिची दुपार जायची, ते थांबलं.

आता गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट ऐका. चार घरं पलीकडच्या एका बाईंच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता. त्यांची टोपली आली. चॉकलेट ट्रफल, संख्या २, एकूण ७०० रुपये. कॅटलॉगमध्ये हा केक अर्ध्या किलोचा, ३५० रुपयांना लावलेला होता. सूनबाईने अर्ध्या-अर्ध्या किलोचे दोन केक केले. संध्याकाळी साडेपाचला बाई आल्या आणि दोन डबे बघून त्यांचा चेहरा उतरला. "अवं, मले तं एकच मोठा पायजे होता!" त्यांचा हिशेब साधा होता. अर्धा किलो दोनदा दाबलं की एक किलो! सूनबाईचाही हिशेब साधाच होता. दोन म्हणजे दोन.

चूक कुणाची? बाईंची नाही, फोनचीही नाही. टोपलीला नग मोजता येतात, एका केकचं वजन विचारता येत नाही. सात वाजता पाहुणे येणार होते. एक किलोचा स्पंज भाजायलाच पाऊण तास लागतो आणि तो पूर्ण थंड झाल्याशिवाय क्रीम लावता येत नाही, लावलं तर वितळून ओघळतं. नवा केक शक्यच नव्हता. शेवटी दोन्ही केक शेजारी शेजारी ठेवून एकावर आधीच लिहिलेलं नाव तसंच राहिलं. सूनबाईने दोनशे रुपये कमी घेतले आणि रात्री जेवली नाही.

खरं तर खूण समोरच होती. तिचा एक किलोचा केक ६५० रुपयांना आहे. म्हणजे कुणाला एक किलो हवा असता तर बेरीज ७०० आलीच नसती. पण एक किलोचा केक कॅटलॉगमध्ये वेगळा लावलेलाच नव्हता! फोटो एकच, तर वस्तू एकच, असं भाचेबुवांचं म्हणणं. आता आम्ही दोन वस्तू केल्या आहेत. 'ट्रफल, अर्धा किलो, एक केक' आणि 'ट्रफल, एक किलो, एक केक'. नावातच वजन. वर्णन कोण उघडून वाचतो?

छत्तीस वर्षं मास्तरकी केली. वर्गात "समजलं का?" विचारलं की साठ पोरं एका सुरात "हो सर" म्हणतात. समजलं की नाही ते कळतं पोराला उभं करून त्याच्या तोंडून वदवून घेतल्यावर. टोपली म्हणजे नुसता वर केलेला हात. उत्तर अजून यायचं आहे. ते काढून घ्यायला मी सूनबाईला एक निरोप लिहून दिला. तो तिने 'क्विक रिप्लाय'मध्ये ठेवला आहे. `/order` टाइप केलं की पूर्ण निरोप पुढे येतो. ती रिकाम्या जागा भरते आणि पाठवते.

```
केक :
वजन (एकाच केकचे) :
अंड्याचा की एगलेस :
केकवर नाव (हवे तसेच लिहून पाठवा) :
तारीख, वार, वेळ :
घ्यायला कोण येणार :
एकूण / अ‍ॅडव्हान्स / बाकी :
बरोबर असल्यास "हो" लिहा.
```

तारखेसोबत वार मुद्दाम आहे. "येत्या रविवारी" म्हणजे उद्याचा की पुढचा, यावर आमच्या घरात दोनदा गोंधळ झाला. तारीख आणि वार जुळले नाहीत की चूक तिथेच पकडली जाते. नाव गिऱ्हाइकानेच टाइप करायचं, कारण फोनवर ऐकलेलं 'आर्य' आणि 'आर्या' यांत एका कान्याचं अंतर आहे आणि रडणारं पोर एकच असतं.

आता खरा वाद. अ‍ॅडव्हान्स! निम्मे पैसे आल्याशिवाय ओव्हन लागत नाही, हा नियम केला आणि कॉलनीत कुजबुज सुरू झाली. एक जुने स्नेही मला फाटकाशी अडवून म्हणाले, "गुरुजी, घरच्या घरी कायचा अ‍ॅडव्हान्स जी?" मी विचारलं, किराणावाला तुमच्या घरचा नाही, त्याला तुम्ही पैसे देता. ही घरची, म्हणून हिला नाही? अंडी, लोणी, चॉकलेट ती रोख आणते. तुमच्या नावाचा केक तुम्ही नेला नाही तर तो दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. स्नेही हसले आणि गेले. चार दिवस बोलले नाहीत, पाचव्या दिवशी टोपली आली.

या अ‍ॅपमध्ये गिऱ्हाइकाला पट्ट्या लावता येतात. `Pending payment` आणि `Paid` या दोनच आम्ही नीट वापरतो. मात्र `Paid` लावायची ती बँकेत पैसे जमा झालेले बघून. गिऱ्हाइकाने पाठवलेला पैसे भरल्याचा फोटो मागच्या महिन्याचाही असू शकतो. लबाडीच असते असं नाही, घाईत चुकीचा फोटो जातो.

आणखी एक. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. क्रीमचा केक फाटकापासून गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो उतरतो. गडचिरोलीच्या आमच्या चुलतबहिणीला तो हवा असतो, आणि एसटीला दोन तास लागतात! म्हणून एप्रिलअखेर ते केक कॅटलॉगमध्ये `Hide` करायचे, पुसायचे नाहीत, म्हणजे जूनमध्ये पाऊस पडला की पुन्हा दाखवता येतात. रवा केक आणि फ्रूट केक तेवढे राहतात. "दिसतोय म्हणजे मिळतो" असंच गिऱ्हाईक धरून चालतं, आणि त्याचं बरोबर आहे.

भाचेबुवा म्हणतात, मामा, एवढे प्रश्न विचारले तर गिऱ्हाईक पळेल. पळालं एक. लग्नाच्या वाढदिवसाचं होतं, त्यांना "हो" लिहायचा कंटाळा आला. त्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या फेब्रुवारीच्या रात्रीइतकं नाही.

असो. बरंच लांबलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा उद्योग चालत असेल तर तुम्ही शेजाऱ्यांकडून अ‍ॅडव्हान्स कसा मागता ते जरूर कळवा. सूनबाई वाचणार आहे.