विश्लेषण : घरकुल यादीत ९ कुटुंबे कमी, मग पत्रात १९ ओळी कशाला?

घरकुलाची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते आणि गावात बोंब उठते. सरपंच त्याच दिवशी गटविकास अधिकाऱ्यांना पत्र धाडतात : ‘यादीत १४२ कुटुंबे आहेत, प्रत्यक्षात १५१ आहेत, तरी दुरुस्ती व्हावी.’ हे पत्र फाइलला लागते आणि तिथेच राहते. पंचायत समितीतला कर्मचारी आकडा दुरुस्त करू शकत नाही, नोंद दुरुस्त करू शकतो.

उदाहरणादाखल हेच गाव घेऊ. ग्रामसेवकाबरोबर बसून एकेक नाव तपासले, तर तीन कुटुंबे दोनदा आलेली दिसतात, एकदा नवऱ्याच्या आणि एकदा बायकोच्या नावाने. दोन कुटुंबे कायमची गाव सोडून गेलेली. म्हणजे खरी नावे १३७ आणि सुटलेली १४. फरक ९ चा दिसतो, पण दुरुस्त्या १९ आहेत. जास्तीची पाच नावे पत्रात लिहायला बरेच सरपंच कचरतात, कारण उद्या मते मागायची असतात. माझ्या मते पत्राचे वजन त्या पाच नावांवरच ठरते. फक्त वाढवून मागणाऱ्या पत्राकडे कार्यालय संशयानेच बघते.

सुटलेली १४ कुटुंबेही एका प्रकारची नसतात. समजा, नऊ जणांचे सर्वेक्षण झाले होते, घराचा फोटोही काढला होता, तरी नाव आले नाही. त्यांची नोंद कुठे अडकली किंवा कोणत्या निकषावर बाद झाली, हे कार्यालयाला सांगता येते. उरलेल्या पाच जणांकडे कुणी गेलेच नव्हते. सर्वेक्षणाची मुदत संपली असेल तर त्यांची नावे तालुक्याला परस्पर घालता येत नाहीत. त्यांची मागणी वेगळ्या परिच्छेदात, पुढच्या सर्वेक्षणासाठी किंवा जिल्ह्याच्या अपील समितीसाठी मांडावी. दोन्ही प्रकार एकत्र लिहिले की पाचांसाठी नऊ जण अडकतात.

घोळाचे मूळ बहुतेक वेळा ‘कुटुंब’ या शब्दात असते. नमुना ८ मध्ये घर मोजले जाते, सर्वेक्षणात चूल. एकाच घर क्रमांकावर दोन भाऊ वेगळे रांधत असतील तर ती दोन कुटुंबे. रेशनकार्ड मात्र अजून वडिलांच्याच नावावर असते, आणि तेवढ्यावर धाकटा भाऊ यादीबाहेर राहतो. अशा प्रत्येक नावापुढे ‘विभक्त चूल’ असे लिहून स्थळपाहणीचा पंचनामा जोडावा.

पत्राला ग्रामसभेच्या ठरावाची प्रत हवीच, क्रमांक आणि तारखेसह. यादीची पडताळणी ग्रामसभेने करायची असते. एकट्या सरपंचाच्या सहीचे पत्र ही त्याची वैयक्तिक तक्रार ठरते. आणि पत्र देऊन निघताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. महिन्याभराने ‘तुमचं पत्र आलंच नाही’ असे ऐकावे लागले, तर दाखवायला तेवढाच कागद हाती असतो.