सरासरी शिल्लक : पासबुकातले गणित आपण शिकवतो का?



जानेवारीत आमच्या वर्गातल्या एका मुलीचे बाबा पासबुक घेऊन शाळेत आले. गाव अर्जुनी मोरगावपासून जवळच, घरची धानाची शेती. एका बँकेने त्यांच्या बचत खात्यातून अठ्ठावन्न रुपये कापले होते. "सर, महिना सरायच्या आत चार हजार भरले होते नं जी, मंग कापले कसे?" त्यांचा प्रश्न बरोबर होता, आणि त्याचे उत्तर सहावी-सातवीच्या गणितात आहे.

त्यांची समजूत अशी होती की महिनाअखेरीला खात्यात किमान रक्कम दिसली की झाले. आपल्यापैकी बऱ्याच जणांचीही समजूत अशीच असते. पण 'मासिक सरासरी शिल्लक' म्हणजे शेवटच्या दिवसाची शिल्लक नव्हे. रोज दिवसअखेर खात्यात जी रक्कम उरते, ती महिनाभर रोज लिहायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायचे. जे उत्तर येते, ती सरासरी शिल्लक.

त्यांच्याच पासबुकातला नोव्हेंबर बघा. त्या खात्याला सरासरी 2,500 रुपये हवे होते.

1 ते 9 तारीख, शिल्लक 4,000 : 9 दिवसांचे 36,000
10 तारखेला धान कापणीच्या मजुरीसाठी 3,500 काढले. 10 ते 29 तारीख, शिल्लक 500 : 20 दिवसांचे 10,000
30 तारखेला 4,000 भरले, शिल्लक 4,500 : 1 दिवसाचे 4,500

बेरीज 50,500. तिला 30 ने भागले की 1,683 येतात. म्हणजे 2,500 ला 817 रुपये कमी पडले. त्या बँकेचा दर कमी पडलेल्या रकमेच्या 6 टक्के होता. त्याचे झाले 49 रुपये, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून साधारण 58. हिशेब चुकला नव्हता. शेवटच्या दिवशी भरलेले चार हजार बेरजेत फक्त एकदाच मोजले गेले, एवढेच.

आता हेच गणित उलटे करून बघा. महिन्याला लागणारी एकूण बेरीज 2,500 × 30 = 75,000. वीस तारखेपर्यंत त्यांची बेरीज 41,500 झाली होती, म्हणजे 33,500 बाकी. 21 तारखेला पैसे भरून पुढचे दहा दिवस 3,350 रुपये शिल्लक ठेवली असती, तरी काम झाले असते. तेच 30 तारखेपर्यंत थांबले, तर एका दिवसासाठी खात्यात 29,000 लागले असते! उशीर जितका जास्त, रक्कम तितकी मोठी. काही बँका महिन्याऐवजी तिमाहीची सरासरी धरतात. रीत तीच, फक्त दिवस नव्वदच्या आसपास.

पासबुकात किंवा मोबाईलवर AMB, MAB किंवा QAB अशी अक्षरे असलेली कपात दिसली, तर ती याच कारणाची समजा. एसएमएसचे किंवा एटीएम कार्डाचे वार्षिक शुल्क वेगळे असते, त्याचा सरासरीशी संबंध नाही.

कापणे कायदेशीर आहे का? आहे, पण त्याला मर्यादा आहेत. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2014 मध्ये काढलेले नियम 1 एप्रिल 2015 पासून लागू झाले. शिल्लक कमी पडली की बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचे आणि भरपाईला एक महिना द्यायचा. शुल्क कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात हवे. केवळ या शुल्कामुळे खाते शून्याच्या खाली, उणे शिलकीत जाता कामा नये. आमच्या या पालकांना मेसेज आला होता, पण तो इंग्रजीत होता आणि घरात कोणी वाचला नाही. डिसेंबरमध्येही खाते खालीच राहिले.

आता माझे मत सांगतो. सरासरीचा हा नियम ज्यांचा पगार ठरलेल्या तारखेला येतो त्यांना जड जात नाही. आपल्याकडे धान विकल्यावर पैसा एकदम येतो आणि पुढच्या हंगामापर्यंत थोडा थोडा जातो. वर्षाला पुरेसा पैसा फिरूनही अशा घराची काही महिन्यांची सरासरी खाली येणारच. 2019-20 ते 2023-24 या पाच वर्षांत सरकारी बँकांनी या शुल्कातून सुमारे 8,500 कोटी रुपये गोळा केल्याचे सरकारने 2024 मध्ये लोकसभेत सांगितले. स्टेट बँकेने हे शुल्क मार्च 2020 मध्येच बंद केले होते. 2025 मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनीही ते काढून टाकले. अनेक खासगी बँकांत मात्र ते आहे, आणि किमान रक्कम ठरवण्याची मुभा बँकेला आहे.

म्हणून "खात्यात जास्त पैसे ठेवा" हा सल्ला मला पटत नाही. पैसे असते तर त्यांनी मजुरीसाठी काढलेच नसते. खाते बदला, हा खरा सल्ला. 'मूलभूत बचत ठेव खाते' मागा. जनधन खाते याच प्रकारचे. त्यात किमान शिलकीची अट नसते आणि ते गरिबांपुरतेच आहे असेही नाही, कोणीही मागू शकतो. मर्यादा दोन : महिन्यातून चार वेळाच पैसे मोफत काढण्याची हमी असते, एटीएम धरून, आणि त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. बियाणे, खत, मजुरी असे मोजके व्यवहार असलेल्या घराला चार वेळा बहुधा पुरतात. दुकान चालवणाऱ्याला पुरणार नाहीत, त्याने शुल्क नसलेली बँक बघावी.

मेसेज न येता पैसे कापले, तर शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार मोफत करता येते.

शिक्षकांनो, आपली पगाराची खाती बहुतेक शून्य शिलकीची असतात, म्हणून हा प्रश्न आपल्या लक्षातच येत नाही. पण निवृत्तीनंतर किंवा पगार दुसऱ्या बँकेत गेल्यावर तेच खाते साधे बचत खाते होऊ शकते. तेव्हा विचारून घ्या.

आणि सरासरीचा धडा घेताना क्रिकेटच्या धावांबरोबर एक काल्पनिक पासबुकही फळ्यावर लिहा. मी वरचेच आकडे दिले आणि विचारले, "तीस तारखेला किती भरले असते तर चालले असते?" बहुतेक मुलांनी 2,000 सांगितले. कारण 500 मध्ये 2,000 घातले की 2,500 होतात! मग आम्ही बेरीज केली. त्या मुलीने घरी जाऊन बाबांना 29,000 चा हिशेब समजावून सांगितला. पुढच्या आठवड्यात ते खाते बदलायचा अर्ज लिहून घ्यायला आले.

तुमच्या घरचे पासबुकही एकदा काढून बघा. कुठली कपात कळली नाही तर खाली जरूर लिहा.