ट्रायपॉड कॅमेऱ्याला धरतो, गिऱ्हाइकाला नाही

फोटोग्राफीचा धंदा नव्याने सुरू करणाऱ्या प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो: "उजेड कमी आहे ना? मग ट्रायपॉड लाव, शटर स्लो ठेव आणि आयएसओ अजिबात वाढवू नकोस." इमारतीचा फोटो असेल तर हा सल्ला सोळा आणे खरा. पण समोर माणूस उभा असेल तर हाच सल्ला तुमचं काम घालवतो. माझं घालवलंय, म्हणून सांगतोय.

दोन दिवाळ्यांपूर्वी, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, एका हार्डवेअरवाल्या काकांनी मला बोलावलं. मागे रोषणाईने सजलेलं दुकान आणि पुढे पायरीवर ते स्वतः, असा एकच फोटो त्यांना हवा होता. कारण रस्तारुंदीकरणात दुकान जाणार होतं. मी ट्रायपॉड लावला. शटर अर्धा सेकंद, एफ/५.६, आयएसओ २००, फ्लॅश अर्ध्या पॉवरवर. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर फोटो झकास दिसला. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर उघडला आणि पोटात गोळा आला. डोळे स्पष्ट होते, पण गालाला आणि कानाला पिवळट दुसरी कड आली होती. खांद्यावर तर शर्टातून मागची लाइटची माळ दिसत होती, जणू काका काचेचे आहेत! पैसे परत केले. पण फोटो परत काढता आला नाही, कारण पुढच्या महिन्यात तिथे दुकानच नव्हतं.

नेमकं काय झालं होतं? अशा फोटोत एकावर एक दोन फोटो निघतात. फ्लॅश सेकंदाच्या अगदी बारीक हिश्श्यात उडतो आणि संपतो. तो फोटो शार्पच येतो. पण शटर अजून उघडंच असतं. उरलेल्या वेळात ट्यूबलाइटचा आणि माळांचा उजेड दुसरा फोटो काढत राहतो. फ्लॅश उडाला की माणसाला वाटतं झालं, आणि तो मान सैल सोडतो. तिथेच भूत तयार होतं. ट्रायपॉडने कॅमेरा हलला नाही, काका हलले.

मग मी माझ्या दुकानासमोर, तसाच उजेड करून, भाच्याला उभं केलं आणि तीच सेटिंग लावून हा प्रकार धसास लावला.

पहिली गोष्ट केली ती म्हणजे फ्लॅश बंद करून, बाकी काहीही न बदलता, एक फोटो काढला. माझ्या मते ही सगळ्यात कामाची चाचणी आहे. या फोटोत माणूस काळ्या सावलीसारखा दिसला पाहिजे. माझ्या फोटोत भाच्याचा चेहरा चांगला ओळखू येत होता, कारण तो छताच्या ट्यूबखाली उभा होता. म्हणजे दुसरा फोटो काढायला तोंडावर भरपूर उजेड होता. त्याला दीड पाऊल पुढे, रस्त्याच्या बाजूला घेतलं. ट्यूब त्याच्या मागे गेली आणि चेहरा अंधारात आला. आता चेहरा उजळायचं काम एकट्या फ्लॅशचं. गालाची दुसरी कड गेली.

पण खांद्यावरची माळ तशीच होती. हे भूत वेगळं आहे. इथे माणसावरचा उजेड नाही, मागचा उजेड घुसतो. माणूस जरा डावीकडे झुकला की उजव्या खांद्याची जागा मोकळी होते आणि मागची माळ तिथे उमटते. एकदा उमटलेला उजेड फ्लॅश पुसू शकत नाही. उपाय एकच: डोकं आणि खांदे यांच्या मागे गडद काहीतरी आणा. मी कॅमेरा हातभर सरकवला, तर भाच्याच्या मागे लाकडी कपाट आलं आणि माळा दोन्ही बाजूंना गेल्या. आता तो थोडा हलला तरी मागून उमटायला काही नव्हतं.

तिसरी गोष्ट वेळ कमी करणं. आयएसओ २०० वरून १६०० केला, म्हणजे आठपट. भिंग एफ/५.६ वरून एफ/४ केलं, म्हणजे आणखी दुप्पट उजेड. एकूण सोळापट. त्यामुळे शटर अर्ध्या सेकंदावरून १/३० सेकंदावर आणता आलं आणि मागची रोषणाई होती तेवढीच उजळ राहिली. हलायला मिळणारा वेळ मात्र सोळाव्या हिश्श्यावर आला. फ्लॅशलाही तेवढंच कमी काम उरतं, म्हणून त्याची पॉवर १/२ वरून १/३२ केली. ती कमी करायला विसरलात तर चेहरा पांढराफटक येईल. शिवाय कमी पॉवरवर फ्लॅश लगेच पुन्हा तयार होतो, त्यामुळे एका मिनिटात चारपाच फोटो जास्त मिळतात.

"पण आयएसओ १६०० वर दाणे येतात ना?" येतात. क्लासमध्ये हा प्रश्न दर वेळी येतो. माझं मत सरळ आहे. दाणे सॉफ्टवेअरमध्ये कमी होतात, आणि भिंतीवरच्या फ्रेममध्ये गिऱ्हाइकाला ते दिसतही नाहीत. दोन कान असलेला माणूस मात्र तीन कानांचा झाला, तर तो लहान पोरालाही दिसतो.

काही जण म्हणतील, रिअर कर्टन लावा, म्हणजे फ्लॅश शेवटी उडेल. नाचणाऱ्या माणसासाठी ठीक आहे, तिथे उजेडाची रेघ त्याच्या मागे राहते आणि हालचाल बरोबर वाटते. पण रेघ जात नाही, फक्त तिची जागा बदलते. उभ्या माणसाच्या बाबतीत तर उलटा घोटाळा होतो. फ्लॅश ऑटोवर असेल तर उजेड मोजायला तो आधी एकदा छोटासा चमकतो. माणसाला वाटतं फोटो झाला, तो हलतो, आणि खरा फ्लॅश त्यानंतर येतो. त्यापेक्षा आधीच सांगा, "काका, मी 'झालं' म्हणेपर्यंत हलू नका." याला पैसे लागत नाहीत.

या सगळ्याला मर्यादा आहेत. एफ/४ एकदोघांना पुरतं, दोन रांगांच्या ग्रुपमध्ये मागची रांग धूसर होईल. तिथे एफ/५.६ ठेवा, शटर १/१५ करा आणि सगळ्यांना स्थिर उभं करा. लहान मुलं असतील तर १/३० सुद्धा कमी पडतं. तिथे शटर १/१२५ ठेवा, मागची रोषणाई थोडी मंद येऊ द्या. आणि फोटोतल्या सगळ्याच दिव्यांना एकसारखी वेडीवाकडी शेपटी दिसली, तर माणसाचा दोष नाही, कॅमेरा हलला आहे. तेव्हा ट्रायपॉड तपासा.

आता मी कुठल्याही संध्याकाळच्या कामात पहिला फोटो फ्लॅशशिवाय काढतो आणि दुसरा फ्लॅशने. दुसऱ्यात स्क्रीनवर झूम करून आधी कान बघतो, मग खांदा. तिथे दुसरी कड नसेल तरच पुढे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. त्या लक्ष्मीपूजनाला ते केलं असतं, तर काकांच्या नव्या घरात त्यांच्या जुन्या दुकानाचा फोटो लागला असता.