मित्राचा पेपर तपासताना: दोन वाक्यांमधली रिकामी जागा

परीक्षा जवळ आली की बऱ्याच वर्गांत सराव उत्तरांच्या वह्या आपसांत बदलल्या जातात. शिक्षक फळ्यावर गुणदानाचे निकष लिहितात आणि सांगतात, ‘शेजाऱ्याचं उत्तर तपासा, गुण द्या आणि खाली शेरा लिहा.’ मग वह्या परत येतात. ५ पैकी ४ गुण आणि खाली शेरा, ‘छान! अजून सविस्तर लिही.’ आता तुम्हीच सांगा, ज्याला हा शेरा मिळाला त्याने पुढच्या वेळी नेमकं काय बदलायचं?

आज आपण एकच उत्तर हातात घेऊ आणि शेवटपर्यंत तपासू. तुम्ही दहावीत असाल तर वही-पेन्सिल घेऊन बसा. तुमच्या घरी कोणी दहावीत असेल तर त्याला शेजारी बसवा. प्रश्न स्वयंपाकघरातला आहे, त्यामुळे आजीसुद्धा त्यात भाग घेऊ शकेल.

प्रश्न असा: उंच डोंगराळ भागात उघड्या भांड्यात डाळ शिजायला जास्त वेळ का लागतो? प्रेशर कुकरमुळे काय फरक पडतो? (५ गुण)

निकष पाच, प्रत्येकाला १ गुण:

क) उंचीवर हवेचा दाब कमी असतो.
ख) दाब कमी झाल्यामुळे पाण्याचा उत्कलनांक कमी होतो, म्हणजे पाणी कमी तापमानाला उकळतं.
ग) उकळी आल्यावर आच वाढवली तरी पाण्याचं तापमान वाढत नाही.
घ) कमी तापमानाला डाळ हळू शिजते, म्हणून वेळ जास्त लागतो.
च) कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो, त्यामुळे उत्कलनांक वाढतो आणि डाळ जास्त तापमानाला शिजते.

मुद्दा अर्धवट आला असेल तर अर्धा गुण.

आणि हे वर्गमित्राचं उत्तर. वाक्यांना क्रमांक आपण दिलेत:

(१) डोंगरावर हवा थंड असते. (२) तिथे हवेचा दाब कमी असतो. (३) त्यामुळे पाणी लवकर उकळते. (४) म्हणून डाळ शिजायला जास्त वेळ लागतो. (५) कुकरमध्ये दाब जास्त असल्यामुळे डाळ लवकर शिजते.

भरभर वाचलं तर उत्तर चांगलं वाटतं. ‘दाब’ आहे, ‘उकळते’ आहे, ‘कुकर’ आहे, ‘त्यामुळे’ आणि ‘म्हणून’ही आहेत. चार गुण द्यायला हात लगेच पुढे होतो. गडबड इथेच होते. तुम्हाला बरोबर उत्तर माहीत असतं, त्यामुळे वाचताना मित्राने न लिहिलेलं तुम्ही मनातल्या मनात भरून टाकता आणि त्याचे गुण त्याला देता. बोर्डाचा परीक्षक मात्र कागदावर जे आहे तेवढंच तपासतो.

यावर उपाय सोपा आहे. निकषांची यादी समोर ठेवा आणि प्रत्येक निकषापुढे तो पूर्ण करणाऱ्या वाक्याचा क्रमांक लिहा. क्रमांक सापडला नाही तर तिथे गुण नाही. मित्राला ते येत असेल, काल त्याने तुम्हाला तोंडी सांगितलंही असेल, तरी नाही.

करून बघू. ‘क’ पुढे वाक्य २. पूर्ण १ गुण. ‘ख’ पुढे वाक्य ३ लिहावंसं वाटतं, पण जरा थांबा. निकष तापमानाबद्दल आहे आणि मित्राचं ‘लवकर’ वेळेबद्दल. दाबाचा उकळण्याशी संबंध त्याने जोडलाय, पण उत्कलनांक कमी होतो हे लिहिलेलं नाही. अर्धा गुण. ‘ग’ पुढे काहीच नाही, शून्य. ‘घ’ साठी वाक्य ४ आहे, पण त्यात जे आहे ते तर प्रश्नातच दिलेलं आहे. कमी तापमान हे कारण तिथे नाही, म्हणून शून्य. ‘च’ पुढे वाक्य ५. दाब आला, उत्कलनांक आणि तापमान नाही. अर्धा गुण. बेरीज २.

चारचे दोन झाले. पण हे दोन गुण गेले कुठे हे आता बोट ठेवून दाखवता येतं. ते दाखवणं हे शेऱ्याचं काम.

तर्कातली फट शोधायला आणखी एक युक्ती आहे. लागोपाठची दोन वाक्यं घ्या आणि विषय अजिबात माहीत नसलेल्या माणसाला ती वाचून दाखवा. घरात धाकटी बहीण असेल तर तिला विचारा. ‘पाणी लवकर उकळते. म्हणून डाळ शिजायला जास्त वेळ लागतो.’ ती लगेच म्हणेल, ‘पाणी लवकर उकळलं तर डाळही लवकर शिजायला हवी ना?’ बरोबर बोलली. कागदावर ही दोन वाक्यं एकमेकांच्या उलट जातात. मधला पूलच गायब आहे.

तो पूल असा. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी १०० नाही, तर साधारण ८८ अंश सेल्सिअसलाच उकळतं. एकदा उकळी आली की गॅस कितीही मोठा करा, जास्तीची उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते आणि पाणी ८८ वरच राहतं. म्हणजे भांडं खदखदतंय, पण आतली डाळ आपल्या सपाटीवरच्या डाळीपेक्षा १२ अंश कमी तापमानात शिजतेय. म्हणून वेळ लागतो. आता मित्राचं उत्तर पुन्हा पाहा. पाचही वाक्यांत ‘तापमान’ हा शब्दच नाही! गेलेले गुण वेगवेगळ्या ठिकाणचे दिसत असले तरी मूळ फट ही एकच आहे.

आणि वाक्य १? डोंगरावर हवा थंड असते हे खरंच आहे. पण इथे ते कारण म्हणून लिहिलंय. थंडीमुळे पाण्याला उकळी यायला वेळ लागू शकतो, पण उकळी आल्यानंतर डाळ का रेंगाळते याचं उत्तर थंडीत नाही. या वाक्यासाठी निकष नाही, म्हणून गुण द्यायचा नाही आणि कापायचाही नाही. शेऱ्यात मात्र ते यायला हवं, कारण इथे मित्राच्या डोक्यात दोन कारणं एकत्र झालेली दिसतात.

आता शेरा लिहू. ‘कारण नीट दिलेलं नाही’ असं लिहिलं तर ते खरं आहे, पण उपयोगाचं नाही. आणि पुलाचा वरचा अख्खा परिच्छेद लिहून दिला तर मित्र तो उतरवून घेईल, विचार तुम्हीच केलेला असेल. म्हणून शेऱ्यात तीनच गोष्टी ठेवा: फट कोणत्या वाक्यांच्या मध्ये आहे, वाचणारा तिथे का अडखळतो, आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर लिहिलं की फट बुजेल. आपल्या उत्तरासाठी असे तीन शेरे होतील:

‘वाक्य २ मध्ये दाबाचा मुद्दा तू नेमका पकडला आहेस. पण वाक्य ३ म्हणतं पाणी लवकर उकळतं आणि ४ म्हणतं डाळीला वेळ लागतो. वाचताना हे उलट वाटतं. डोंगरावर उकळत्या पाण्याचं तापमान किती असेल? गॅस मोठा केला तर ते वाढेल का? ही दोन उत्तरं ३ आणि ४ च्या मध्ये लिही.’

‘वाक्य १: लेहमध्ये हीटर लावलेल्या उबदार खोलीत उघड्या भांड्यात डाळ ठेवली, तर ती आपल्याकडच्याइतकी लवकर शिजेल का? उत्तर “नाही” असेल, तर थंड हवा हे कारण ठेवायचं का ते ठरव.’

‘वाक्य ५: दाब वाढल्यावर पाण्याचं काय होतं? एक पायरी राहिली आहे.’

पाहा, कुठेही ‘तुला येत नाही’ असं म्हटलेलं नाही. प्रत्येक शेरा वाक्याबद्दल आहे. चांगल्या मुद्द्याचा उल्लेखही क्रमांकासकट आहे, त्यामुळे पुन्हा लिहिताना काय तसंच ठेवायचं तेही मित्राला कळतं.

गुण कधी सांगायचे? रूथ बटलर या इस्रायली संशोधिकेने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळकरी मुलांच्या काही गटांना फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण आणि काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्या मुलांची पुढची कामगिरी सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना तसा फायदा दिसला नाही. म्हणून आधी शेरे द्या, मित्राला उत्तर पुन्हा लिहू द्या आणि मगच आकडा सांगा.

आपल्या मित्राने सुधारून लिहिलं ते असं: ‘उंचीवर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी १०० अंशांपेक्षा कमी तापमानाला उकळते. उकळी आल्यावर आच वाढवली तरी तापमान वाढत नाही. कमी तापमानात डाळ हळू शिजते, म्हणून वेळ जास्त लागतो. कुकरमध्ये वाफ कोंडल्याने दाब वाढतो, त्यामुळे पाणी जास्त तापमानाला उकळते आणि डाळ लवकर शिजते.’ निकषांपुढे क्रमांक टाकून पाहा. पाचही जागा भरतात. उत्तर थोडंसंच वाढलं आणि थंड हवेचं वाक्य त्याने स्वतःच काढून टाकलं.

दोन ठिकाणी सांभाळा. पहिलं, ‘अर्धवट’ म्हणजे किती यावर वाद होतो. तेच उत्तर तिसऱ्या मित्राला तपासायला द्या. त्याचे आणि तुमचे गुण एखाद्या निकषावर वेगळे आले, तर त्या निकषाची भाषा ढिली आहे. ‘तापमान किंवा उत्कलनांक हा शब्द नसेल तर अर्धाच गुण’ असं आधी ठरवून घ्या आणि सगळ्या वह्यांना तोच नियम लावा. दुसरं, मित्राने निकषात नसलेलं पण बरोबर वाटणारं कारण लिहिलं असेल, तर ते खोडू नका. पुढे प्रश्नचिन्ह करा आणि शिक्षकांना दाखवा. निकषांची यादी माणसानेच केलेली असते, तिच्यातही एखादा मुद्दा राहू शकतो.

जाता जाता तुमच्यासाठी एक उत्तर: ‘माठाला बारीक छिद्रे असतात. म्हणून माठातले पाणी गार राहते.’ या दोन वाक्यांच्या मध्ये किती पायऱ्या राहिल्या आहेत? त्या मोजा आणि पायरी न सांगता एक शेरा लिहून पाहा.